शीश सीख जिगर

फारसी जिभेची कसरत: ‘शीश सीख जिगर, सीखी शीश हेज़ार’. म्हणजे कलेजीच्या सहा सळ्या, सळीला सहा हजार. पुस्तकी ‘शेश’ बोलताना ‘शीश’ होतो, आणि ‘श’नंतर लगेच ‘स’ आला की जीभ अडखळते.

इंग्रजीत आणताना मी आधी अर्थ धरला: ‘सिक्स स्क्यूअर्स ऑफ लिव्हर, सिक्स थाउजंड ईच’. पाचदा भरभर म्हटलं, एकदाही चुकले नाही. तिथेच कळलं, भाषांतर फसलंय!

मग ‘हजार’ सोडलं, स-शची ठेच आणि विक्रेत्याची दर सांगणारी हाळी राखली: ‘सिक्स शीप-लिव्हर स्टिक्स, सिक्स शिलिंग्ज अ स्टिक’. तिसऱ्याच फेरीत ‘शिक्स’ निघालं. तेहरानमध्ये घडणाऱ्या कथेत मात्र शिलिंग खटकेल. तिथे मी मूळ फारसीच ठेवते.