दोन कारखानदार, एक बाजार: कुर्नोचं गणित सोडवताना १५० किंवा ३०० उत्तर आलं तर कुठं चुकलं ते बघा

दरवर्षी परीक्षेच्या आधी पोरं वह्या घेऊन येतात आणि कुर्नोच्या गणितात, म्हणजे बाजारात दोघंच विकणारे असताना कोण किती माल काढेल या गणितात, तीच दोन चुकीची उत्तरं असतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की फॉर्म्युला पाठ करा, एकतृतीयांशने गुणा, झालं. माझं ठाम मत आहे की हा सल्ला वाईट आहे, कारण कारखानदारांचे खर्च जरा वेगळे दिले की तो फॉर्म्युला जागेवर बसतो आणि मग पोरगं पण बसतं. त्यापेक्षा एकदा नीट समजून घ्या, सगळं एका पानात मावतं.

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन टॉवेलवाले आहेत असं धरा, एकाच प्रतीचा टेरी टॉवेल, एकाच होलसेल बाजारात विकतात, आणि त्या बाजारात तिसरा कुणी नाही. एक डझन काढायला दोघांनाही ३०० रुपये लागतात. रोज बाजारात जेवढे डझन येतील तेवढा भाव उतरतो, हिशोब असा:

भाव = ९०० − (अ + ब)

अ म्हणजे पहिल्याचे डझन, ब म्हणजे दुसऱ्याचे. पुस्तकात याला q1, q2 म्हणतात. आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत, खऱ्या बाजाराचे नाहीत.

किती डझन काढायचे ते दोघं एकाच वेळी ठरवतात, प्रत्येकाला आपला नफा जास्तीत जास्त हवा, मग कोण किती काढेल, हा प्रश्न. एकाच वेळी याचा अर्थ घड्याळ लावून एका मिनिटाला ठरवतात असा नाही. अर्थ एवढाच की आपला आकडा ठरवताना समोरच्याचा आकडा दिसत नाही. सूत भरलं, माग लागले, गाठी बांधून झाल्या, मग बाजारात गेल्यावर कळतं की एकूण माल किती आला आणि भाव काय निघाला.

आधी दोन टोकं काढून बाजूला लिहून ठेवा, नंतर ती लागतात. दोन्ही कारखाने एकाच मालकाचे असते तर त्याने मिळून ३०० डझन काढले असते, भाव ६०० आणि नफा ९०,००० रुपये. आणि बाजारात शेकडो छोटे मागवाले असते तर भाव घसरत घसरत खर्चावर म्हणजे ३०० वर आला असता, एकूण माल ६०० डझन, नफा शून्य. (नफा म्हणजे खर्चाच्या वरचा.)

आता पहिल्याचा नफा लिहा. एका डझनामागे सुटतात भाव वजा ३००, म्हणजे ६०० − अ − ब. म्हणून:

पहिल्याचा नफा = (६०० − अ − ब) × अ

इथपर्यंत कुणीच चुकत नाही. पुढच्या पायरीवर मात्र थांबा, कारण मी स्वतः एम.ए. ला असताना इथंच महिनाभर अडकलो होतो.

तेव्हा मी काय करायचो ते सांगतो. दोघं सारखेच आहेत, खर्च सारखा, माल सारखा, मग अ आणि ब सारखेच येणार हे दिसतच होतं, म्हणून मी नफ्याच्या ओळीतच ब च्या जागी अ टाकायचो, ओळ व्हायची (६०० − २अ) × अ, डेरिव्हेटिव्ह काढून शून्याला मांडलं की ६०० − ४अ = ०, अ = १५०. किती सुटसुटीत उत्तर! दोघांचे मिळून ३००. आणि ३०० म्हणजे वर बाजूला लिहिलेलं मोनोपॉलीचं टोक. म्हणजे मी दोन कारखानदारांचं गणित सोडवतच नव्हतो, एका मालकाचं सोडवून दोघांत वाटून देत होतो. नफ्याच्या ओळीत ब = अ लिहिणं म्हणजे असं म्हणणं की मी एक डझन वाढवला की समोरचाही त्याच क्षणी एक वाढवतो, मी कमी केला की तोही कमी करतो. पण समोरच्याचा आकडा आपल्या हाताला बांधलेला नसतो, आणि सगळी मेख इथंच आहे.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, मामाच्या कारखान्यात कळलं. पूर्व भागात त्याचे थोडे माग होते, मागांचा आवाज एवढा की कानाशी येऊन बोलावं लागायचं. टॉवेलच्या घड्या मोजत मोजत तो पुढच्या आठवड्याचं सूत किती घ्यायचं ते ठरवत होता. मी विचारलं, "मामा, शेजारच्यानेपण माल वाढवला तर?" तो म्हणाला, "तो किती काढतोय ते काय माझ्या हातात हाय का रे? त्याचं तेवढं धरायचं अन् आपलं बघायचं." घरी येऊन पुन्हा वही उघडली तेव्हा समजलं की डेरिव्हेटिव्ह काढताना ब ला हात लावायचा नाही म्हणजे काय. त्याचं तेवढं धरायचं. तो आकडा आहे, आपल्याला माहीत नसलेला पण ठरलेला.

तर योग्य पायरी अशी, ब तसाच ठेवून फक्त अ ने डेरिव्हेटिव्ह काढा:

६०० − २अ − ब = ०

म्हणजे अ = (६०० − ब) ÷ २. याला रिअॅक्शन फंक्शन म्हणतात. डेरिव्हेटिव्ह येत नसेल तरी अडत नाही. समजा समोरचा १५० काढतोय, तर आपला नफा (४५० − अ) × अ. या दोन आकड्यांची बेरीज कायम ४५० आहे, आणि बेरीज ठरलेली असेल तर गुणाकार सगळ्यात मोठा कधी येतो, दोन्ही सारखे असतात तेव्हा. म्हणून अ = २२५. म्हणजे समोरच्याने व्यापून जेवढी जागा उरली तिच्या अर्धा माल काढायचा. हा अर्ध्याचा नियम भाव सरळ रेषेत उतरत असेल आणि दर डझनाचा खर्च ठरलेला असेल तेव्हाच चालतो, भलतीकडे वापरू नका.

दुसरी चूक याच पायरीवर होते पण उलट्या दिशेने. काही पोरं भावच ठरलेला आहे असं धरतात, म्हणतात भाव खर्चाच्या वर आहे तोवर माल वाढवत राहू, आणि शेवटी ३००-३०० ला पोचतात, एकूण ६००, नफा शून्य. हे स्पर्धेचं टोक. इथं विसरलेली गोष्ट अशी की बाजारात दोघंच आहेत, माझा एक डझन वाढला की भाव एक रुपयाने उतरतो आणि तो माझ्या सगळ्या मालावर उतरतो.

म्हणून मी पोरांना सांगतो, उत्तर १५० आलं तर तुम्ही समोरच्याला आपल्या हाताला बांधलंय, आणि ३०० आलं तर तुम्ही भावाला बांधलंय. ठरलेला धरायचा तो फक्त समोरच्याचा आकडा.

पुढचं सोपं आहे. दुसऱ्याचंही तसंच, ब = (६०० − अ) ÷ २, आणि आता, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढून झाल्यावरच, खर्च सारखे असतील तर अ = ब टाका. उत्तर २०० आणि २००. एकूण ४०० डझन, भाव ५००, प्रत्येकाला ४०,००० रुपये. माल ३०० आणि ६०० च्या मध्ये, भाव ३०० आणि ६०० च्या मध्ये.

तपासणी सोडू नका. पहिल्याने २०० चे २०१ केले तर भाव ४९९, डझनामागे १९९ सुटतात, नफा ३९,९९९. १९९ केले तर भाव ५०१, डझनामागे २०१, नफा पुन्हा ३९,९९९. कुठंही हललं की एक रुपया जातो, म्हणून कुणीच हलत नाही. यालाच पुढे नॅश इक्विलिब्रियम नाव पडलं, नॅशचं काम १९५० चं, पण हे गणित फ्रान्सच्या ऑग्युस्तँ कुर्नोने १८३८ मध्येच मांडलं होतं. त्याचं उदाहरण दोन झऱ्यांच्या मालकांचं होतं, मिनरल वॉटर विकणाऱ्या.

आता खरा प्रश्न, जो हुशार पोरगं नेहमी विचारतं: सर, दोघांनी १५०-१५० काढले तर प्रत्येकाला ४५,००० मिळतात, ४०,००० पेक्षा जास्तच, मग तिथं का थांबत नाहीत? हीच तपासणी तिथं लावून बघा. पहिल्याने १५० चे १५१ केले. भाव ५९९ झाला, त्याचा नफा १५१ × २९९ म्हणजे ४५,१४९. त्याला १४९ रुपये वाढून मिळाले. दुसऱ्याचे मात्र काही न करता १५० रुपये गेले, कारण भाव त्याच्याही १५० डझनांवर उतरला. दोघांचं मिळून एका रुपयाचं नुकसान आहे, पण डझन वाढवणाऱ्याच्या वहीत ते १५० रुपये लिहिले जात नाहीत, ते शेजारच्याच्या वहीत जातात. एकच मालक असता तर दोन्ही वह्या त्याच्याच, म्हणून तो ३०० वर थांबतो. आणि पहिल्याने थेट २२५ काढले तर त्याला ५०,६२५ आणि शब्द पाळून १५० वर राहिलेल्याला ३३,७५०. एवढा मोह समोर असताना तोंडी ठरलेला शब्द एका फेरीत टिकत नाही, रोज रोज तेच दोघं समोरासमोर येत असतील तर गोष्ट वेगळी होते पण ते वेगळं गणित आहे.

३००-३०० पण टिकत नाही. तिथं एकाने १५० वर यायचं ठरवलं तर भाव ४५० होतो आणि त्याला २२,५०० सुटतात, शून्यावर कोण बसून राहील.

खर्च वेगळे असतील तर अ = ब कुठेच टाकायचं नाही, शेवटीही नाही. समजा दुसऱ्याचे माग जुने आहेत आणि त्याला डझनामागे ३६० लागतात. मग त्याची ओळ ब = (५४० − अ) ÷ २ होते, पहिल्याची तीच राहते, आणि दोन समीकरणं सोडवली की २२० आणि १६० येतात, भाव ५२०. बघा, महाग काढणारा बाजारातून बाहेर गेला नाही, फक्त त्याचा वाटा कमी झाला. पाठ केलेल्या फॉर्म्युल्यातून हे कधीच दिसलं नसतं.

शेवटी, हे गणित लावायच्या आधी एक विचारा, की या धंद्यात आधी माल ठरतो का भाव. जोसेफ बर्ट्रांडने १८८३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. दोघं मालाऐवजी भाव जाहीर करत असतील, माल सारखाच असेल आणि मागेल तेवढा लगेच काढता येत असेल, तर एकाने ५०० म्हटलं की दुसरा ४९९ म्हणतो, सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे, मग पहिला ४९८, आणि खर्च सारखा असेल तर दोघंच असूनही भाव ३०० ला येतो. मागावरच्या मालात सूत आधी भरावं लागतं आणि मागांची संख्या एका रात्रीत वाढत नाही, म्हणून टॉवेलला कुर्नो बसतो.