V2 मध्ये एसटी खाली, V1 मात्र सपाट : पाठीच्या आणि उजव्या लीड्स घेताना या चुका टाळा

पहाटे पावणेसहाला एका मुलाने वडिलांना मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. वय 52, ट्रॅक्टर चालवणारे. बनियन घामाने चिंब आणि हात पोटाच्या वरच्या भागावर दाबलेला. "साहेब, रात्री वांग्याचं भरीत जास्त झालं. पित्ताची गोळी द्या, थांबेल," असं ते स्वतःच सांगत होते. नाडी 54, प्रेशर 110/70. सिस्टरने ईसीजी काढला. यंत्राने वरच्या कोपऱ्यात छापलं होतं, 'अँटिरिअर इस्केमिया'. तालुक्याच्या कॅज्युअल्टीत त्या रात्री मी एकटाच होतो. मी ते वाचलं, मान डोलावली आणि जिभेखाली नायट्रेटची गोळी दिली. पाच मिनिटांत प्रेशर 70 वर आलं.

तो ईसीजी मी अजूनही शिकवायला वापरतो, कारण त्यात माझ्या तीन चुका एका पानावर आहेत. V2 मध्ये एसटी अडीच मिलिमीटर खाली होता, V3 मध्ये दोन, V4 मध्ये एक. V5 आणि V6 जवळपास ठीक होते. V1 मात्र अगदी सपाट होता. II, III आणि aVF मध्ये अर्धा मिलिमीटर एसटी वर, म्हणजे नजरेने सोडून द्यावा इतकाच. aVL मध्ये एसटी एक मिलिमीटर खाली आणि टी उलटा.

पहिली चूक म्हणजे V2, V3 मधलं एसटी डिप्रेशन 'पुढच्या भिंतीला रक्त कमी पडतंय' असं वाचणं. आपल्याला तशी सवय लागलेली असते, कारण एसटी वर असेल तर तो ज्या लीडमध्ये दिसतो त्याच भिंतीकडे बोट दाखवतो. डिप्रेशन तसं वागत नाही. आतल्या थराला रक्त कमी पडतं तेव्हा एसटी साधारणपणे V4 ते V6 आणि II मध्ये जास्त खाली जातो, सोबत aVR वर जातो, आणि त्यावरून कुठली रक्तवाहिनी ते सांगता येत नाही. इथे उलट होतं. सगळ्यात मोठा खड्डा V2 मध्ये, आणि V5, V6 कडे जाता जाता तो भरून निघत होता. अशा वेळी एक शक्यता आधी डोक्यात यायला हवी. हृदयाच्या मागच्या भिंतीचा एसटी वर गेला आहे आणि छातीवरच्या लीड्स त्याचं उलटं चित्र दाखवत आहेत. खड्डा आडवा सपाट, त्यामागे टी वर तोंड केलेला, अशी ठेवण असेल तर संशय आणखी पक्का. छातीत दुखणाऱ्या माणसात हा बंद पडलेल्या वाहिनीचा ईसीजी आहे. 'एसटी खाली आहे म्हणजे एनस्टेमी, हेपरिन द्या, ट्रोपोनिनची वाट बघा' हा रस्ता इथे घेऊ नये.

जुनी युक्ती आहे, ती खोटी नाही. कागद उलटा करायचा, वरची बाजू खाली, आणि मागच्या बाजूने ट्यूबलाइटसमोर धरून V2 बघायचा. आडवा खड्डा उंच एसटी बनून समोर येतो आणि वरचा टी उलटा दिसतो. त्या पहाटे हे केलं असतं तर ते चित्र एमबीबीएसच्या मुलालाही ओळखता आलं असतं. अर्थात V1 ते V3 मध्ये एसटी खाली जाण्याची इतर कारणंही आहेत : उजवा बंडल ब्रँच ब्लॉक, जाड झालेला उजवा वेंट्रिकल, कमी झालेलं पोटॅशियम. पहिल्या दोघांत टी बहुतेक उलटा असतो, म्हणून टीचं तोंड आधी बघायचं.

आता पाठीच्या लीड्स. त्या लावतानाच बहुतेकांची गडबड होते. V1, V2, V3 जागेवर ठेवायच्या आणि V4, V5, V6 च्या वायर पाठीमागे न्यायच्या. V6 ज्या आडव्या रेषेत होतं तीच रेषा पकडून मागे जायचं. V7 काखेच्या मागच्या रेघेवर, V8 खवाट्याच्या खालच्या टोकाशी, V9 मणक्याच्या डाव्या कडेला. बरगड्या मोजत बसू नका, आडवी पातळी सांभाळा. गडी आडवा असेल तर रबरी बल्ब पाठीखाली टिकत नाहीत. घामाने ओल्या अंगावर ते घसरतात आणि लाट इतकी थरथरते की काहीच मोजता येत नाही. पेशंटला उजव्या कुशीवर वळवा, पाठ टॉवेलने कोरडी करा आणि चिकटणारे इलेक्ट्रोड लावा. ते नसतील तर सिस्टरने बल्ब दोन बोटांनी हलकेच दाबून धरावेत. हे अवघड आहे, पण होतं.

कागद निघाला की पहिलं काम पेनाचं. यंत्र अजूनही V4, V5, V6 असंच छापणार. त्यावर काट मारून V7, V8, V9 लिहायचं, वेळ टाकायची. हे राहून गेलं तर पुढच्या हॉस्पिटलात तो कागद 'पुढच्या लीड्समध्ये एसटी वर' म्हणून वाचला जातो. असं झालेलं मी पाहिलं आहे.

आणि हाच माझा मोठा मुद्दा : या लीड्समध्ये एक मिलिमीटर शोधू नका. पाठ हृदयापासून लांब आहे, मध्ये फुप्फुस आहे, सगळ्या लाटा लहान येतात. V7 ते V9 मध्ये अर्धा मिलिमीटर एसटी वर असला तरी तो मोजायचा. चाळिशीच्या आतल्या पुरुषात मात्र एक मिलिमीटर धरतात. नजरेला कमी वाटत असेल तर गेन 20 करून एक पान काढा, पण त्यावर गेन लिहून ठेवा, नाहीतर अर्ध्याचा एक झाला हे कुणाला कळणार नाही. आमच्या माणसाच्या V8 मध्ये एक आणि V7, V9 मध्ये अर्धा मिलिमीटर होता. हे मिळालं की निदान पक्कं, पण न मिळाल्याने निदान रद्द होत नाही. छाती दुखत असताना V2 मधला आडवा खड्डा कायम असेल तर पाठीच्या लीड्स कोऱ्या निघाल्या तरी कार्डिओलॉजिस्टशी बोला.

दुसरी चूक aVL न बघण्याची. III च्या अर्ध्या मिलिमीटरवर कुणी हात वर करणार नाही, पण aVL हे III च्या जवळपास समोरचं टोक आहे. खालच्या भिंतीचा अटॅक सुरू होताना कित्येकदा aVL मध्येच आधी एसटी खाली येतो आणि टी उलटतो, III नंतर उठतो. आमच्या कागदावर aVL स्पष्टपणे बोलत होतं आणि मी ते बघितलंच नाही. अशा वेळी नेमकं करायचं काय, तर 15 मिनिटांनी पुन्हा ईसीजी. बल्ब काढू नका, किमान त्यांच्या जागा पेनाने खुणा करून ठेवा, म्हणजे दोन कागदांतला फरक हृदयाचा आहे की जागेचा, हा वाद राहत नाही. दुसऱ्या कागदात त्यांचा III मधला एसटी दीड मिलिमीटर झाला होता आणि II पेक्षा जास्त होता. III जास्त असणं म्हणजे बहुधा उजवी कोरोनरी.

तिसरी चूक गोळीची, आणि तिथे V1 चा सपाटपणा महत्त्वाचा होता. उजवी कोरोनरी वरच्या भागात बंद झाली की उजव्या वेंट्रिकललाही इजा होते, आणि V1 साधारण त्याच्या समोर असल्याने तिथला एसटी वर उचलला जातो. त्याच वेळी मागच्या भिंतीची इजा V1 ला खाली ओढत असते. दोघांची ओढाताण समान झाली की V1 सपाट राहतो, आणि बघणारा समजतो की इथे काहीच नाही. V2 अडीच मिलिमीटर खाली आणि शेजारचा V1 शून्यावर, हे दोन्ही एकत्र दिसलं तर उजव्या वेंट्रिकलचा विचार करा.

त्यासाठी V4R पुरतं. उजव्या बाजूला पाचव्या बरगड्यांमधली जागा, कॉलरबोनच्या मध्यातून खाली आलेली रेघ. V4 ची वायर तिथे लावा, स्त्री असेल तर स्तनाखाली. एसटी अर्धा मिलिमीटर वर असेल तर उजवा वेंट्रिकल गुंतलेला आहे असं धरा. तिशीच्या आतल्या पुरुषात एक मिलिमीटर. आमच्या माणसाच्या V4R मध्ये तो दीड मिलिमीटर होता, पण मी V4R गोळीनंतर काढला. हा खुणेचा उंचवटा फार टिकत नाही, निम्म्या लोकांत दहा तासांच्या आत नाहीसा होतो. म्हणून उशिरा काढलेल्या कोऱ्या V4R वर विसंबू नका. खालच्या भिंतीचा संशय आला की V4R आधी, गोळी नंतर.

कारण सोपं आहे. इजा झालेला उजवा वेंट्रिकल स्वतः जोर लावू शकत नाही, त्याला भरून आलेलं रक्तच पुढे ढकलतं. नायट्रेटने शिरा सैल पडल्या की ते भरणं कमी होतं आणि डाव्या बाजूला रक्त पोचत नाही. फ्युरोसेमाइड आणि मॉर्फिन यांचंही तेच. प्रत्येकाचं प्रेशर कोसळतंच असं नाही, पण ज्याचं कोसळतं त्याला सावरायला वेळ जातो. पाय उंच केले, नॉर्मल सलाइन 250 मिली वेगाने सोडलं, फुप्फुसं ऐकली आणि पुन्हा 250 मिली दिलं. प्रेशर 96 वर आलं. इतक्याने आलं नसतं तर आणखी सलाइन ओतत बसायचं नाही, कारण फुगलेला उजवा वेंट्रिकल डाव्याला दाबतो. मग इनोट्रोप लागतो.

पुढचं ठरवायला वेळ लागला नाही. कॅथलॅब तीन तासांवर, म्हणजे 120 मिनिटांच्या पलीकडे. रक्तस्रावाचा धोका विचारून घेतला, ॲस्पिरिन चघळायला दिलं, क्लोपिडोग्रेल 300 मिलिग्रॅम, वजन 72 किलो म्हणून टेनेक्टेप्लेज 40 मिलिग्रॅम, आणि हेपरिन. फोनवर कार्डिओलॉजिस्टने पहिलाच प्रश्न केला, "पाठीच्या लीड्स काढल्यात का?" काढल्या होत्या. मी कागदाचा फोटो पाठवला.

जाता जाता एक वेगळा ईसीजी सांगतो, कारण याच्याशी गल्लत होते. V2 ते V4 मध्ये एसटी खालून सुरू होऊन वर चढत जातो आणि उंच, सारख्या दोन बाजूंच्या टीमध्ये मिसळतो, असं दिसलं तर तो पुढच्या भिंतीच्या एलएडीचा, ज्याला डी विंटर म्हणतात. मागच्या भिंतीचा खड्डा आडवा असतो, हा चढता. इथे पाठीच्या लीड्स काढण्यात वेळ घालवायचा नाही.

नव्वद मिनिटांनी काढलेल्या कागदात V2 चा खड्डा अडीचवरून एकच्या आत आला होता, दुखणं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथलॅबच्या गावाहून फोटो आला. V2 मध्ये आर उंच झाला होता, एसच्या वर. समोरच्या लीड्समध्ये क्यू दिसतो तसाच हा मागच्या भिंतीचा क्यू, उलटा दिसणारा.