सोनोग्राफीत दोन तारखा आल्या, मग डिलिव्हरीची खरी कुठली? या चुका टाळा

पहिली चूक कागदावर नाव लिहितानाच होते. शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की अनेकजणी पाळी संपल्याचा दिवस सांगतात. हिशोब धरतात तो रक्तस्राव सुरू झाल्याच्या दिवसापासून. त्या दिवसात २८० दिवस, म्हणजे नऊ महिने आणि साधारण सात दिवस मिळवले की तारीख निघते. (आपल्याकडचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ त्याच्या बरंच जवळ जातं.)

पण हे गणित पाळी २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवशी बीज फुटतं, असं गृहीत धरतं. ज्यांची पाळी चाळीस दिवसांनी येते त्यांचं बीजच उशिरा फुटतं, त्यामुळे बाळ हिशोबापेक्षा लहान असतं.

समजा, एकीची शेवटची पाळी १० जानेवारी २०२५ ला आली. पाळीवरून तारीख १७ ऑक्टोबर. २१ मार्चला सोनोग्राफी झाली, तेव्हा हिशोबाने पूर्ण १० आठवडे व्हायला हवे होते. पण डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, रिपोर्टमधली सीआरएल, १८ मिमी भरली. म्हणजे ८ आठवडे २ दिवस. फरक १२ दिवसांचा. पाळीच्या हिशोबाने ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान फरक सात दिवसांपेक्षा जास्त असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त असला तरी पुरतो. त्याहून कमी असेल तर पाळीचीच राहते. इथे तारीख २९ ऑक्टोबर झाली. ती न बदलता ‘तारीख उलटून आठवडा झाला’ म्हणून २४ ऑक्टोबरला कळा आणायचं औषध सुरू केलं असतं, तर खरे ३९ आठवडे नि दोनच दिवस झालेले असते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. तीन सप्टेंबरला, ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर, हिचीच पुन्हा सोनोग्राफी होते. बाळ ३० आठवड्यांएवढं भरतं आणि मशीन नवी तारीख छापतं, १२ नोव्हेंबर. घरचे म्हणतात, ‘अरे वा, पुढे गेली!’ तारीख कुठेही गेलेली नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाचं माप वय सांगतं. शेवटच्या महिन्यांत कुणी बारीक, कुणी गुटगुटीत. तेव्हाचं माप वाढ सांगतं. इथे ते दोन आठवडे मागे असल्याचं सांगतंय, म्हणजे डॉक्टर डॉपलर करून रक्तपुरवठा बघतील. तारीख १२ नोव्हेंबर धरली तर हीच धोक्याची खूण पुसली जाते.

आयव्हीएफमध्ये तारीख भ्रूण सोडल्याच्या दिवसावरून काढतात. तिथे ना पाळी विचारायची, ना सीआरएल लावायची.

पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. दवाखाना बदलला तर तोच आधी दाखवा, आणि ठरलेली तारीख फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.