दुसऱ्या टीमचं काम नाकारायला जाण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या साहेबांना आधी सांगा. बाकीचं सगळं खाली लिहिलंय, पण हे आधी. मागच्या वेळी मी सगळं केलं होतं आणि नेमकं एवढंच राहिलं.

आमचं ऑफिस नागपूरजवळ वाडीत. खाली गोदाम, वर अकाउंट्स, म्हणजे मी आणि अजून एक पोरगा. उलाढाल ५ कोटींच्या वर, त्यामुळे जीएसटीची रिटर्नं तिमाही भरायची सोय आम्हाला नाही, दर महिन्याला भरावी लागतात. ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, १४ला पोर्टलवर टू-बी येते, म्हणजे पुरवठादारांनी आमच्या नावावर टाकलेल्या बिलांची यादी, आणि २०ला कर भरायचं रिटर्न थ्री-बी. अशाच एका महिन्याच्या ८ तारखेला सेल्सचे भाऊ वर आले. नवरात्राच्या स्कीमआधी १४० डीलरांची खाती जुळवून हवी होती. "काऊन बे, दोन दिवसाचं तं काम हाय!" मी तोंडावर नाही म्हणालो. चांगल्या शब्दांत म्हणालो, कारण देऊन म्हणालो. भाऊ काही न बोलता खाली गेले, गाडी काढली आणि साहेबांना फोन लावला. साहेब तेव्हा अमरावतीच्या रस्त्यावर होते. त्यांना ८ ते २० मध्ये आमच्याकडे काय असतं, हे तेव्हा आठवत नव्हतं, आणि मीही सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, "देतील ना पोरं करून." झालं. माझा नकार दहा मिनिटंही टिकला नाही. वर मीच आडमुठा ठरलो ते वेगळंच.

म्हणून यादी.

आधी नवीन काम किती तासांचं आहे ते मोजा. अंदाज नको, मोजा. मी पुढच्या वेळी तीन खाती घड्याळ लावून केली: एक छोटा डीलर, एक मधला, एक भांडखोर. १२ मिनिटं, १९ मिनिटं, ३१ मिनिटं. भांडखोराच्या खात्यात दोन क्रेडिट नोटा आमच्या टॅलीत होत्या, त्याच्याकडे नव्हत्या, त्यात वेळ गेला. सरासरी वीसच्या आसपास. १४० खाती गुणिले २० मिनिटं म्हणजे जवळपास ४७ तास. "दोन दिवसाचं काम" कुठून आलं ते भाऊंनाच माहीत. पण हा आकडा हातात नसेल, तर त्यांचे दोन दिवसच खरे धरले जातात, हे लक्षात ठेवा.

मग आपल्याकडचे तास. इथे बहुतेक जण स्वतःला फसवतात. दिवसाचे आठ तास धरू नका. बिल्टीवर सही मागायला ट्रकवाला वर येतो, बँकेचा फोन येतो, कोणाचा तरी चेक परत येतो. माणशी पाच तास धरा. ८ ते २० मध्ये दोन रविवार सोडून ११ दिवस, दोन माणसं, म्हणजे ११० तास. रोजच्या नोंदी माणशी एक तास, त्यात २२ गेले. जीएसटीआर-१ला ३४, टू-बीशी खरेदी जुळवायला ३४, थ्री-बीला १२. बेरीज १०२. उरले आठ.

एवढ्यावर थांबू नका, ते आठ तास कुठे आहेत तेही बघा. टू-बी १४ला येते, त्याआधी ते काम सुरूच करता येत नाही. म्हणजे महिन्याचे दोन तुकडे पडतात. १३ तारखेपर्यंत सहा तास मोकळे निघतात, आणि १४ ते २० मध्ये फक्त दोन. ते दोन मी कोणालाच देत नाही. एखादा पुरवठादार बिल टाकायला विसरलेला असतोच, आणि त्याच्यामागे लागायला वेळ लागतो. थोडक्यात, देता येण्यासारखं जे आहे ते सहा तास. सहा तासांत १८ खाती. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा.

आता तो कागद घेऊन सेल्सकडे जाऊ नका. आधी साहेबांकडे जा. हो, मी पुन्हा तेच सांगतोय.

साहेबांकडे जाताना तक्रार नेऊ नका, निर्णय मागायला जा. मेल करू नका. आमचे साहेब मेल संध्याकाळी वाचतात, आणि भाऊंचा फोन त्याआधीच गेलेला असतो. उभ्या उभ्या चार वाक्यं पुरतात. मी हे म्हणालो होतो: "साहेब, सेल्सला १४० खाती २०च्या आत हवी आहेत, ४७ तासांचं काम आहे. आमच्याकडे सहा तास आहेत. १८ मोठी खाती १३ला देतो, उरलेली २१नंतर. सगळी आधी हवी असतील तर टू-बीची जुळवणी मागे पडते, ते तुम्ही सांगा." शेवटचं वाक्य खाऊ नका. काय मागे पडेल ते नाव घेऊन सांगायचं. "कामाचा लोड आहे" म्हणाल तर साहेब म्हणतील, लोड कोणाला नाही? पण टू-बीचं नाव काढलं की त्यांना रिटर्नवरची स्वतःची सही आठवते.

साहेब बाहेर असतील तर फोन करा. गाडी चालवत असतील तर "थांबून फोन करा" असा मेसेज टाका आणि तोवर सेल्सला काही बोलू नका. "साहेबांशी बोलून अर्ध्या तासात सांगतो" एवढंच. "पाहतो" म्हणू नका. आपल्याकडे "पाहतो" म्हणजे हो. "पाहू ना भाऊ" म्हटलंत तर भाऊ त्या संध्याकाळीच तीन डीलरांना तारीख देऊन मोकळे होतात.

टू-बी मागे पडली तर काय होतं, हेही पाठ असू द्या, कारण साहेब विचारतीलच. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. मागच्या वेळी खाती जुळवता जुळवता १९ तारीख उजाडली, आणि पोराने टू-बी न उघडता खरेदी रजिस्टरचाच आकडा थ्री-बीत टाकला. एका पुरवठादाराची बिलं टू-बीत नव्हतीच, ६२ हजारांचं क्रेडिट. पुढच्या महिन्यात ते उलटवलं, वर १८ टक्क्यांनी व्याज. रिटर्नही दोन दिवस उशिरा गेलं, दिवसाला ५० रुपये लेट फी, म्हणजे १००. शंभर रुपये काहीच नाहीत, खरं आहे. पण ६२ हजार कुठून आले ते शोधायला आम्हाला जे दोन दिवस लागले, ते कोणत्याही चलनावर दिसत नाहीत. साहेबांना हे सांगताना आकडा फुगवू नका. १०० असेल तर १०० सांगा. एकदा फुगवलात की पुढचा खरा आकडाही ते अर्धा करून ऐकतात.

समजा साहेब म्हणाले, "नाही, सेल्सचंच आधी करा." म्हणू शकतात, धंदा त्यांचा आहे. तेव्हा तोंड पाडू नका, फक्त विचारा: मग मागे काय ठेवू? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. "दोन्ही करा" हे उत्तर नाही. १०२ आणि ४७ मिळून १४९ होतात, आपल्याकडे ११० आहेत, तो कागद पुन्हा पुढे सरकवा. यातून एखादा मार्गही निघतो. यावेळी साहेबांनी विचारलं, गोदामातला बिलिंगवाला आठवडाभर दिला तर? मी नको म्हणालो, कारण त्याला टॅलीतली डीलर खाती दाखवण्यातच माझे दोन दिवस गेले असते. पण विचारलं हे बरं झालं. सेल्सने थेट विचारलं असतं तर त्या पोराचीही वाट लागली असती.

साहेबांशी बोलणं झालं की मग सेल्सकडे. (झालं ना? नसेल तर मागे फिरा. मी गंमत करत नाहीये.)

तिथे फार तयारी लागत नाही. जेवणाच्या आधी जाऊ नका. चारचौघांत सांगू नका, भाऊंना त्यांच्या पोरांसमोर नकार आवडत नाही, कोणालाच आवडत नाही. मी त्यांना खाली टपरीवर नेलं. सुरुवात "सॉरी"ने नको आणि आपल्या कामाच्या रडगाण्याने तर नकोच. जे देताय ते आधी: "१८ मोठे डीलर १३ तारखेला. कोणते १८ ते तुम्ही ठरवा. बाकीचे १२२, २१पासून सुरू, २८ला हातात." २८ कशी निघाली? १२२ खाती म्हणजे ४१ तास, २०नंतर रोजच्या नोंदी सोडून दोघांचे दिवसाला आठ तास, म्हणजे सहा दिवस आणि मधे एक रविवार, २७ होते. एक दिवस हातचा राखला.

भाऊ म्हणाले, "मी साहेबाशी बोलतो." मी म्हणालो, बोला, त्यांना माहीत आहे. या चार शब्दांसाठीच वरचं सगळं. भाऊंनी फोन काढला, माझ्याकडे पाहिलं, खिशात ठेवला आणि चहावाल्याला म्हणाले, "दोन कट दे."

कोणते १८ हे त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. नाहीतर १२ तारखेला यादी बदलते. बदललीच तर एक आत घ्यायचा आणि एक बाहेर काढायचा, १९ करायचे नाहीत.

नंतर व्हॉट्सॲपवर तीन ओळी: १८ खाती १३ला, १२२ खाती २८ला, २०च्या आत याशिवाय काही नाही. साहेबांना त्याच ग्रुपवर ठेवा. वेगळा मेसेज नको, त्याच ग्रुपवर. साहेबांचा अंगठा आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१३ला १८ द्या. १२ला दिलेत तर अजून मागतील, मी बघितलंय.

१४ ते २० सेल्सच्या मजल्यावर फिरकू नका. फोन आला तर "२१ला."

२१ला स्वतःहून सुरू करा, त्यांनी आठवण करून द्यायची वाट बघू नका. २४च्या सुमारास किती झाली तो आकडा ग्रुपवर टाका. आमची २४ला ६० झाली होती. भांडखोर डीलर सगळे शेवटी ठेवले होते, म्हणून २८च्या संध्याकाळी चार खाती राहिली, ती २९ला सकाळी दिली. भाऊ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात ते ८ ऐवजी ३ तारखेलाच आले, हातात नवी यादी. मी त्यांना खुर्ची दिली आणि आधी साहेबांच्या केबिनकडे गेलो.