शेरा मराठीत उतरवताना

चाकणजवळच्या एका कारखान्यात एचआरला लागले, तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर साठेक अप्रेझल फॉर्म आले. शेरे साहेबांनी इंग्रजीत लिहिलेले, वाचणारे सेटर आणि ऑपरेटर. मराठी करून प्रत्येकाची सही घ्यायची, एवढंच काम. शब्दकोशात बघून दोन दिवसांत उरकलं.

तिसऱ्या दिवशी मशीन शॉपमधले एक सेटर काका कागद घेऊन समोर उभे. "मॅडम, चौदा वर्षं झाली इथं. जाणीव नाही म्हणता?"

मूळ शेरा होता 'लॅक्स ओनरशिप, हँडओव्हर कन्सिस्टन्टली पुअर'. मी लिहिलं होतं, 'जबाबदारीची जाणीव नाही. हस्तांतरण सातत्याने निकृष्ट.' शब्दाला शब्द बरोबर होता. पण 'ओनरशिप' हा इंग्रजी ऑफिसात दिवसातून दहा वेळा फेकला जाणारा गुळगुळीत शब्द आहे. 'जाणीव नाही' म्हटलं की मराठीत माणसाचे संस्कारच निघतात. आणि 'निकृष्ट' आपण रस्त्याच्या डांबराला म्हणतो, माणसाच्या कामाला नाही.

साहेबांकडे जाऊन विचारलं, "नेमकं झालं काय होतं?" हा प्रश्न भाषांतराच्या आधी विचारायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. रात्रपाळीत टूल बदललं, ऑफसेट म्हणजे त्या टूलसाठी मशीनला दिलेला मापाचा आकडा बदलला, पण रजिस्टरला लिहिलं नाही. सकाळच्या सेटरने जुन्या आकड्यावर विसंबून मशीन चालू केलं आणि पहिले नग मापाबाहेर गेले. असं नोव्हेंबर ते जानेवारीत तीनदा झालं होतं. मग मी लिहिलं:

'नोव्हेंबर ते जानेवारी या काळात टूल व ऑफसेट बदलल्याची नोंद तीन वेळा रजिस्टरमध्ये राहून गेली. त्यामुळे पुढच्या पाळीचे पहिले नग मापात आले नाहीत. यापुढे पाळी सोडण्यापूर्वी टूल नंबर, ऑफसेट आणि वेळ लिहूनच जावे.'

यातली माहिती साहेबांची आहे, माझ्या पदरची नाही. म्हणून बदललेला मजकूर त्यांना इंग्रजीत सांगून त्यांची सही आधी घेतली. भाषांतर करणाऱ्याने स्वतःहून तपशील घातला, तर उद्या वाद झाल्यावर कागद कुणाचाच राहत नाही.

आता क्रियापदांकडे बघा. 'तुम्ही नोंद करत नाही' म्हटलं की तो माणसाचा स्वभाव ठरतो. 'तीन वेळा नोंद झाली नाही' म्हटलं की ते तीन प्रसंगांपुरतं उरतं. 'राहून गेली'मध्ये चूक मान्य आहे, हेतूवर मात्र शंका नाही. अशी सोय मराठीत असताना ती वापरावी. 'च'चंही तसंच. 'तुम्ही लिहितच नाही' हे झोंबतं, पण 'लिहूनच जावे' ही साधी ताकीद आहे. झालेल्या गोष्टीला लावलेला 'च' बोचतो, पुढच्या सूचनेला लावलेला कामाला येतो.

'ॲव्हरेज'ला 'सुमार' लिहू नका, कारण सुमार म्हणजे वाईटच. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'चं 'अपेक्षेइतके' केलं, तर चांगलं काम केलेला माणूसही हिरमुसतो. मी 'काम अपेक्षेप्रमाणे पूर्ण' लिहिते.

त्या प्रकरणानंतर मी इतकी धास्तावले की पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाला गेले. एका ऑपरेटरच्या वारंवार उशिरा येण्यावर मी लिहिलं, 'आपण वेळेकडे थोडं लक्ष दिलं तर बरं होईल.' त्याने हसत सही केली. इन्क्रिमेंट कमी आल्यावर तणतणत आला, "मला कुणी सांगितलंच नाही!" खरंच सांगितलं नव्हतं. 'थोडं' आणि 'बरं होईल'मुळे तो सल्ला वाटला, आणि 'आपण' म्हणजे तो एकटा की सगळे, हेही कळत नव्हतं. तेव्हापासून शेऱ्यात मी 'तुम्ही'च वापरते.

हे पकडायला माझी एक सोपी युक्ती आहे. रेटिंगचा आकडा झाकून मराठी शेरा स्टोअरमधल्या सहकाऱ्याला वाचायला देते आणि विचारते, पाचपैकी किती मिळाले असतील? साहेबांनी दोन दिलेत आणि तो चार म्हणाला, तर मी फार गोड लिहिलंय. शून्य म्हणाला, तर शब्द तपासते. आकड्याला मात्र हात लावायचा नाही.

सेटर काकांचाही दोनचा दोनच राहिला होता. नवा कागद त्यांनी सावकाश वाचला, खिशातून पेन काढलं आणि थांबले. "हे बरोबर आहे. पण मॅडम, रजिस्टरात ऑफसेटचा रकानाच नाही. लिहू कुठं?"

मी रजिस्टर मागवलं. खरंच नव्हता.