फिल्टरचा प्रेशर ड्रॉप यू-ट्यूब आणि तिरक्या मॅनोमीटरवर कसा वाचायचा

फिल्टर चोक झालाय की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवणारे बरेच जण असतात, पण वरून काळा दिसणारा फिल्टर आतून मोकळा असू शकतो आणि वरून बरा दिसणारा पार भरलेला असू शकतो. खरं काय ते प्रेशर ड्रॉप सांगतो, म्हणजे फिल्टरच्या अलीकडचं प्रेशर वजा पलीकडचं प्रेशर. ते मोजायला मॅनोमीटर, म्हणजे काचेची वाकवलेली नळी आणि पाणी, एवढं पुरतं, बॅटरी लागत नाही. फक्त वाचताना दोन-तीन ठिकाणी हमखास चूक होते, म्हणून एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊया: हवेच्या डक्टमधला फिल्टर, आणि त्याच्या पुढे हवा ओढणारा ब्लोअर.

आधी यू-ट्यूब. नळी भिंतीला सरळ उभी टांगायची, साधारण अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं, पाण्यात रंगाचा थेंब टाकला की पातळी नीट दिसते. बोटाने टिचक्या मारून आतले बुडबुडे काढायचे. मग दोन्ही तोंडं उघडी ठेवून बघायचं, दोन्ही बाजूंचं पाणी एका रेषेत आलं पाहिजे. नाही आलं तर नळी कललेली आहे किंवा कुठेतरी बुडबुडा अडकलाय, ते आधी सोडवायचं. पाणी स्केलच्या झिरोपेक्षा थोडं वर-खाली असेल तर मात्र बिघडत नाही, कारण आपण दोन पातळ्यांमधलं अंतर घेणार आहोत, झिरोपासूनचं नाही.

आता दोन रबरी नळ्या. एक फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे जिकडून हवा येते तिकडच्या भोकाला, आणि दुसरी पलीकडे. डक्टला पाडलेलं भोक आतून गुळगुळीत हवं, कडेला कापलेल्या पत्र्याची धारदार बर राहिली किंवा नळीचं टोक आत घुसून हवेच्या तोंडावर आलं तर स्थिर प्रेशरच्या ऐवजी वाऱ्याचा धक्का पण मोजला जातो. म्हणून टोक डक्टच्या आतल्या पत्र्याशी समतल ठेवायचं आणि भोक वळणाजवळ किंवा डॅम्परला लागून पाडायचं नाही.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना गोंधळात टाकते. ब्लोअर फिल्टरच्या पुढे असला की फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा कमीच असतं, अलीकडे समजा ८ मिमी पाण्याइतकं कमी आणि पलीकडे २६ मिमी इतकं कमी. मग 'हाय' बाजू कुठली? अलीकडचीच, कारण कमीतलं कमी पलीकडे आहे. फरक २६ वजा ८, म्हणजे १८ मिमी. शून्याच्या खाली आहे म्हणून नळ्या उलट लावायच्या नाहीत, हवा ज्या बाजूने फिल्टरमध्ये शिरते ती बाजू नेहमीच हाय.

ब्लोअर चालू केला, पाणी स्थिरावलं, आता वाचायचं. अलीकडच्या बाजूचं पाणी खाली गेलंय आणि पलीकडच्या बाजूचं वर चढलंय. डोळा पाण्याच्या बरोबर समोर आणायचा, वरून किंवा खालून बघितलं तर एक-दोन मिमी सहज चुकतात. काचेत पाणी कडेला वर चढलेलं आणि मध्ये खोलगट दिसतं, त्या खोलगट भागाचा तळ वाचायचा, कड नाही. पारा असेल तर उलटं, तो मध्ये फुगलेला असतो, त्याचा माथा वाचायचा.

समजा झिरोपासून एक बाजू ९ मिमी खाली आणि दुसरी ९ मिमी वर. उत्तर १८, ९ नाही. एकच बाजू वाचून तोच आकडा वहीत लिहिला की फिल्टर निम्माच भरलेला वाटतो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. काही जण एका बाजूचा आकडा दुप्पट करतात, काचेच्या दोन्ही बाजूंचं भोक अगदी सारखं असेल तर ते चालतं, पण मी दोन्ही बाजू वाचून बेरीजच करतो, वेळ तेवढाच लागतो. मग ρ म्हणजे द्रवाची घनता, g म्हणजे गुरुत्व त्वरण आणि h म्हणजे दोन पातळ्यांमधली उभी उंची धरून:

```
ΔP = ρ × g × h
```

पाण्यासाठी यातून येणारी सोपी गोष्ट म्हणजे १ मिमी पाणी म्हणजे ९.८१ पास्कल. १८ मिमीचे झाले साधारण १७७ पास्कल. नळी जाड की बारीक याचा उत्तराशी संबंध नाही, फक्त उभी उंची मोजायची.

आता अडचण बघा. प्रत्येक बाजू वाचताना अर्धा मिमी इकडे-तिकडे झाला तर एकूण १ मिमी चुकला, १८ मध्ये १ म्हणजे साडेपाच टक्के. भरलेल्या फिल्टरला हे चालून जातं, पण नवीन फिल्टरचा ड्रॉप ५-६ मिमी असेल तर तोच एक मिमी खूप होतो. इथे तिरका मॅनोमीटर कामाला येतो.

तिरक्यात एका बाजूला रुंद टाकी असते आणि तिच्यातून निघालेली नळी अगदी कमी उताराने वर जाते. उभी उंची तेवढीच चढायची असली तरी उतारावर द्रव लांब सरकतो, म्हणून वाचायला सोपं. हाय बाजू टाकीला आणि लो बाजू नळीच्या वरच्या टोकाला जोडायची. उतार १० ला १ असेल, म्हणजे sin θ = 0.1, कोन सुमारे ५.७ अंश, आणि आत ०.८२६ घनतेचं लाल तेल असेल तर आपले १८ मिमी पाणी म्हणजे २१.८ मिमी तेल, आणि उतारावर ते २१८ मिमी सरकणार. आता अर्धा मिमी चुकला तरी फरक अर्ध्या पास्कलपेक्षा कमी.

स्केलवर नुसते मिमी असतील तर हिशोब असा, L म्हणजे तेल उतारावर जेवढे मिमी सरकलं ते:

```
h (mm पाणी) = L × sin θ × 0.826
```

२१८ गुणिले ०.१ गुणिले ०.८२६, बरोबर १८. टाकीतली पातळी थोडी खाली जाते त्याचीही दुरुस्ती असते, टाकी नळीच्या मानाने खूप रुंद असेल तर ती किरकोळ. पण विकतच्या मीटरवर स्केल बहुतेक वेळा थेट मिमी पाण्यात किंवा पास्कलमध्येच छापलेलं असतं, त्यात उतार, तेल, टाकी सगळं आधीच धरलेलं असतं, मग आपण परत काहीच गुणायचं नाही, आकडा दिसतो तसा घ्यायचा.

मात्र तेच तेल हवं. तेल कमी झालं म्हणून कोणी पाणी ओतलं तर पाणी जड असल्यामुळे कमी सरकतं आणि १८ च्या जागी १४.९ दिसतं, म्हणजे भरलेला फिल्टर अजून महिनाभर चालेल असं वाटतं. आत काय आहे ते खात्रीने माहीत नसेल तर सगळं काढून योग्य तेल भरलेलं बरं.

आणि आता या यंत्राचा खरा नाजूक भाग, लेव्हल. ज्या उतारामुळे रीडिंग मोठं होतं त्याच उतारामुळे कलण्याची चूकही मोठी होते. यू-ट्यूब एक अंश कलली तर उंचीत फारसं काही होत नाही. पण ५.७ अंशाचा उतार एक अंशाने वाढून ६.७ झाला की तेल २१८ ऐवजी १८६ मिमीच सरकतं आणि स्केल १५.३ दाखवतं. उलट बाजूला एक अंश गेला तर २१.८ दाखवतं. फिल्टर तोच, हवा तीच, आणि आकडा १५ ते २२ मध्ये कुठेही! एक अंश म्हणजे किती, तर ३०० मिमी लांबीच्या बेसच्या एका टोकाखाली ५ मिमीची चकती. वाईट म्हणजे झिरो सेट केला तरी ही चूक जात नाही, झिरो फक्त सुरुवात हलवतो, उतार तसाच राहतो. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: आधी स्क्रूने मीटरवरच्या स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये आणायचा, मग दोन्ही तोंडं हवेला उघडी ठेवून झिरो लावायचा, आणि त्यानंतरच नळ्या जोडायच्या.

नळ्या जोडताना ब्लोअर बंद ठेवा. आपल्या उदाहरणात लो बाजू आधी जोडली आणि हाय बाजू उघडीच राहिली तर मीटरवर २६ मिमीचा पूर्ण फरक येतो, स्केल २५ पर्यंतच असेल तर लाल तेल नळीतून वर चढून डक्टमध्ये जातं. ब्लोअर बंद करता येत नसेल तर दोन्ही रबरी नळ्या दुमडून जोडायच्या आणि मग दोन्ही एकदम हळूच सोडायच्या.

रीडिंगवर विश्वास ठेवायचा का, ते असं तपासा. ब्लोअर बंद ठेवून हाय बाजूची नळी डक्टपासून काढा आणि तिच्यात अगदी हलकी फुंक मारा, तेल थोडं चढलं की नळी चिमटीत धरा. तेल तिथेच थांबलं तर गळती नाही, हळूहळू खाली आलं तर कुठेतरी जॉइंट सुटलाय. मला एकदा दोन दिवस एक आकडा छळत होता, गळती नव्हती, लेव्हल बरोबर होती, तरी रीडिंग रोज ५-६ मिमी कमी. शेवटी बॅटरीच्या उजेडात रबरी नळी बघितली तर ती मध्ये लोंबत होती आणि त्या झोळीत ओल साचून पाण्याचा छोटासा तुकडा बसला होता. तो तुकडा स्वतःच एक छोटी यू-ट्यूब झाला होता आणि प्रेशरचा काही भाग तोच खात होता. नळी झटकून साफ केली आणि सरळ चढती बांधली, रीडिंग जागेवर आलं.

हवेऐवजी पाण्याच्या पाइपचा तुकडा असेल तर एक गोष्ट बदलते. समजा यू-ट्यूबमध्ये पारा आहे आणि दोन पातळ्यांत २० मिमी फरक आहे. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, पण इथे १३.६ ने गुणायचं नाही, कारण पारा जिकडे खाली गेलाय तिकडे त्याच्यावर तेवढंच जास्तीचं पाणी उभं आहे. म्हणून १३.६ वजा १, म्हणजे १२.६ ने गुणायचं. २० गुणिले १२.६ म्हणजे २५२ मिमी पाणी, सुमारे २४७० पास्कल. १३.६ धरलं तर ८ टक्के जास्त येतं. आणि जोडणाऱ्या नळ्यांत हवा अजिबात नको, उभ्या नळीत पूर्ण भोक अडवणारा ३० मिमीचा बुडबुडा राहिला तर ३० मिमी पाण्याची चूक, म्हणून आधी दोन्ही नळ्यांतून पाणी वाहू देऊन हवा काढून टाका. हवेच्या कामात ही वजाबाकी करत नाहीत, कारण हवा पाण्यापुढे इतकी हलकी की फरक दिसतच नाही. पारा सांडला तर त्याची वाफ विषारी असते, त्यामुळे काच सुरक्षित जागीच लावा.

राहिलं वहीत काय लिहायचं ते. आकड्याशेजारी ब्लोअरचा स्पीड किंवा हवेचं प्रमाण लिहा, कारण हवा कमी झाली की ड्रॉप आपोआप कमी होतो. ड्राइव्हने स्पीड उतरवलेला असताना घेतलेले १२ मिमी आणि पूर्ण स्पीडचे १८ मिमी एकाच फिल्टरचे असू शकतात. आणि स्पीड तोच असताना १८ वरून अचानक ६ वर आलं तर फिल्टर स्वच्छ झालेला नसतो, तो फाटलाय किंवा फ्रेमच्या कडेने हवा निसटतेय, पॅनेल उघडून गॅस्केट बघा.