चर दशेची वर्षे हाताने कशी काढावीत

विंशोत्तरी दशेत वर्षे ग्रहाला बांधलेली असतात. चंद्राची 10, गुरूची 16, शनीची 19. कुंडली कोणाचीही असो, हे आकडे बदलत नाहीत. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून पहिली दशा ठरते. जैमिनींच्या चर दशेत दशा राशीची असते, सुरुवात लग्नराशीपासून होते आणि प्रत्येक राशीची वर्षे त्या कुंडलीतच मोजून काढावी लागतात. ‘नाथान्ताः समाः प्रायेण’ हे त्यामागचे सूत्र: राशीपासून तिच्या स्वामीपर्यंत मोजा. मोजणीचे तपशील परंपरेप्रमाणे बदलतात. इथे के. एन. राव यांची पद्धत घेतली आहे.

उदाहरणाला सिंह लग्न घेऊ. चंद्र वृषभेत, मंगळ मिथुनेत, शुक्र कन्येत, रवी आणि केतू तुळेत, बुध वृश्चिकेत, शनी कुंभेत, गुरू मीनेत, राहू मेषेत.

आधी राशींचे दोन गट पाठ करावेत. मेष, वृषभ, मिथुन, तूळ, वृश्चिक, धनु यांची मोजणी सरळ; उरलेल्या सहांची उलट. हा गट नेहमीच्या सम-विषम राशींचा नाही आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. सिंह विषम रास असूनही तिची मोजणी उलट होते.

दशांचा क्रम ठरवताना लग्नापासून नववी रास पाहावी. ती सरळ गटातली असेल तर दशा सरळ क्रमाने, नसेल तर उलट. सिंहापासून नववी मेष, म्हणून दशा सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक अशा चालतील.

आता वर्षे. राशीपासून स्वामीच्या राशीपर्यंत दोन्ही टोके धरून मोजावे आणि आलेल्या आकड्यातून 1 वजा करावा. सिंहापासून उलट, म्हणजे कर्क, मिथुन असे मोजत गेलो की रवीची तूळ अकरावी येते. सिंहाची 10 वर्षे. सरळ मोजण्याची चूक झाली तर फक्त 2 वर्षे येतील आणि पुढची प्रत्येक दशा 8 वर्षे आधी सुरू होईल. कन्येपासून बुधापर्यंत उलट 11, म्हणून 10 वर्षे. तुळेपासून शुक्रापर्यंत सरळ 12, म्हणून 11 वर्षे. स्वामी स्वराशीतच असेल तर 12 वर्षे धरावीत. इथे मीनेची तशी आहेत.

वृश्चिक आणि कुंभ या राशींना दोन स्वामी असतात, तिथे थांबून विचार करावा. वृश्चिकेचे स्वामी मंगळ आणि केतू. दोघेही बाहेर असले तर ज्याच्यासोबत जास्त ग्रह असतील तो बलवान. केतूसोबत रवी आहे, मंगळ एकटा आहे. म्हणून केतूपर्यंत मोजायचे: 12 वजा 1, म्हणजे 11 वर्षे. मंगळ धरला असता तर 7 आली असती. कुंभेचा शनी घरातच आहे, पण दुसरा स्वामी राहू बाहेर आहे. अशा वेळी बाहेरच्या स्वामीपर्यंत मोजतात. कुंभेपासून उलट मेष अकरावी, म्हणून 12 नव्हे, 10 वर्षे.

तुमचे उत्तर संगणकाच्या उत्तराशी एका वर्षाने जुळत नसेल, तर त्यात उच्च ग्रहाला एक वर्ष वाढवणे आणि नीचाला कमी करणे चालू आहे का ते पाहा. तुळेतला रवी नीच असल्याने तिथे सिंहाची 9 वर्षे दिसतील. राव यांच्या पद्धतीत ही भर-वजाबाकी नाही.

या कुंडलीत सिंह दहाव्या वर्षापर्यंत, कन्या 20, तूळ 31 आणि वृश्चिक 42 पर्यंत. चंद्र रोहिणीच्या मध्यावर असला तर विंशोत्तरीत 30 ते 46 या वयात गुरूची महादशा येते. छत्तिसाव्या वर्षाचा प्रश्न असेल तर विंशोत्तरीत आपण गुरू कोणत्या भावांचा स्वामी आहे आणि कुठे बसला आहे ते बघतो. चर दशेत वृश्चिकेलाच लग्न मानून सगळे भाव नव्याने मोजायचे. मग सिंह दशम होते. दृष्टीही राशींच्या घ्यायच्या: स्थिर रास शेजारची सोडून बाकीच्या चर राशींना पाहते आणि चर रास तशीच स्थिर राशींना. त्यामुळे तुळेतल्या रवीची, म्हणजे दशमेशाचीच, दृष्टी दशमावर पडते. केतू आणि राहूचीही पडते. या 11 वर्षांत कामधंदा ठळक राहील आणि त्यात उलथापालथही असेल, असे वाचन इथून सुरू होते. नेमका काळ हवा असेल तर महादशेचे 12 समान भाग करावेत. 11 वर्षांच्या वृश्चिकेत प्रत्येक अंतर्दशा 11 महिन्यांची. स्वतः वृश्चिकेची सर्वात शेवटी.

जन्मवेळेतली चूक दोन्ही पद्धतींत वेगळ्या तऱ्हेने भोवते. वेळ 4 मिनिटांनी चुकली तर रोहिणीतल्या चंद्राची दशा साधारण 10 दिवस सरकते. चर दशेत लग्न राशीच्या मध्यावर असेल तर त्या 4 मिनिटांनी वर्षे बदलत नाहीत. पण सिंह लग्न पहिल्याच अंशावर असेल आणि खरे लग्न कर्क निघाले, तर राशींची वर्षे तीच राहतात, मात्र सुरुवात कर्केपासून होते आणि क्रम उलटा होतो. अशा कुंडलीत दोन्ही लग्नांच्या दशा मांडून त्या शिक्षण, नोकरी, विवाह यांच्या घडून गेलेल्या तारखांशी ताडून पाहाव्यात आणि जी जुळेल तीच पुढे वापरावी.